फाटक्या स्पीकरचा आवाज रॉकने का ठेवून घेतला: डिस्टॉर्शन कानाने आणि हाताने समजून घेण्याची कृती

इलेक्ट्रिक गिटारच्या डिस्टॉर्शनचा विषय निघाला की बंडखोरी, राग, तरुणाई हे शब्द लगेच येतात. ते खोटे नाहीत, पण त्यांनी मूळ प्रश्न सुटत नाही. राग दाखवायला ढोल बडवता येतो, ओरडता येतं. मग एका पूर्ण संगीतप्रकाराने नेमका बिघडलेल्या अॅम्प्लिफायरचाच आवाज का उचलला? माझं उत्तर असं: गिटारची तार छेडली की त्याच क्षणापासून तिचा स्वर विझायला लागतो. सॅक्सोफोन, ट्रम्पेट किंवा व्हायोलिन तसं विझत नाही, श्वास किंवा गज चालू आहे तोवर स्वर उभा राहतो. डिस्टॉर्शनने गिटारला हे उभं राहणं दिलं, आणि दोनच तारांतून अख्ख्या ताफ्याएवढा आवाज काढून दिला. खाली दिलेल्या पायऱ्यांनी हे तुम्ही स्वतः ऐकून पडताळू शकता. पहिल्या दोन प्रयोगांना गिटारसुद्धा लागत नाही.

आधी तीन बिघाड ऐका

१९५१च्या मार्चमध्ये मेम्फिस शहरात सॅम फिलिप्सच्या छोट्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' हे गाणं रेकॉर्ड झालं. तबकडीवर नाव जॅकी ब्रेन्स्टनचं असलं, तरी वाजवणारा ताफा आइक टर्नरचा होता आणि गिटार विली किझार्टच्या हातात होती. मिसिसिपीहून येताना वाटेत त्याच्या अॅम्पला इजा झाली होती. कोणी सांगतं तो गाडीवरून पडला, कोणी सांगतं पावसात भिजला. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून फिलिप्सने स्पीकरच्या कोनात, म्हणजे थरथरणाऱ्या कागदी शंकूत, कागद कोंबले आणि तसंच रेकॉर्डिंग केलं. आज ऐकताना गायकाकडे लक्ष देऊ नका. खाली खर्जात जी एकच चाल फिरत राहते, ती गिटार आहे. तिची भरभरीत कड सॅक्सोफोनांच्या आवाजात इतकी मिसळते की गिटार कुठे संपते आणि वाद्यवृंद कुठे सुरू होतो हे पटकन सांगता येत नाही.

दुसरा बिघाड १९६१च्या एका गाण्यातला, नॅशव्हिलमधला. मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या संथ कंट्री गाण्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता आणि मिक्सिंग डेस्कचा एक चॅनल बिघडला. मध्यभागी अचानक एक चिरका, गुरगुरणारा सोलो येतो, तो हाच. तो तसाच ठेवला गेला. साउंड इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने पुढे तोच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट बनवलं आणि ते १९६२ मध्ये मॅस्ट्रो फझ-टोन या नावाने पायाने दाबायच्या पेटीत विकायला आलं. जाहिरात काय होती, तर या पेटीने गिटारमधून ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबासारखे आवाज काढा! सुरुवातीला ती फारशी खपली नाही. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'ची सुरावट याच पेटीतून वाजवली. त्याच्या मनात ती फक्त नमुना होती, तिच्या जागी नंतर ब्रास वाद्यं यायची होती. नमुनाच प्रसिद्ध झाला आणि पेट्या दुकानांतून संपल्या.

तिसरा बिघाड मुद्दाम केलेला. लंडनचा सतरा वर्षांचा डेव्ह डेव्हिस आपल्या छोट्या एल्पिको अॅम्पवर वैतागला आणि त्याने त्याच्या स्पीकरचा कोन ब्लेडने चिरला. मग त्या छोट्या अॅम्पचा आउटपुट मोठ्या व्हॉक्स एसी३० अॅम्पमध्ये दिला. १९६४ मधलं द किंक्सचं 'यू रिअली गॉट मी' तिथून आलं. अमेरिकेत लिंक रे याने १९५८ मध्ये 'रंबल'साठी पेन्सिलने स्पीकरला भोकं पाडलीच होती.

तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ ऐका. पहिल्या दोन्हींत गिटारकडून फुंकवाद्याचं काम करून घेतलं जातंय. तिसरीत फुंकवाद्यांची आठवणही उरत नाही, कारण गिटारने ती जागा भरून टाकली आहे.

पायरी १: विझणारा स्वर टिकतो कसा, ते डोळ्यांनी पाहा

संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. `Generate > Tone` मध्ये `Sine` निवडा, `Frequency` मध्ये `110`, `Amplitude` मध्ये `0.8` आणि कालावधी १० सेकंद द्या. ११० हर्ट्झ म्हणजे गिटारच्या पाचव्या तारेचा मोकळा ए. आता पूर्ण पट्टा निवडून त्यावर `Fade Out` लावा. डावीकडे जाड आणि उजवीकडे टोकदार होत जाणारी आकृती दिसेल. छेडलेली तार ढोबळ मानाने अशीच विझते. खरी तार सुरुवातीला जास्त वेगाने उतरते, पण मुद्दा तोच राहतो.

आता `Distortion` इफेक्ट उघडा, प्रकार `Hard Clipping`, `Clipping level` `-20` डेसिबल आणि `Drive` शून्यावर ठेवा. `Make-up Gain` तसाच राहू द्या. लावल्यावर आकृती पाहा. जवळजवळ शेवटपर्यंत ती एकाच जाडीची झालेली असेल, आणि उतार फक्त अखेरच्या सव्वा सेकंदात दिसेल.

हिशेब सरळ आहे. -२० डेसिबल म्हणजे पूर्ण उंचीचा दहावा भाग, ०.१. त्याच्या वरचं सगळं कापलं गेलं. ०.८ पासून एकसारख्या उताराने ०.१ पर्यंत यायला पावणेनऊ सेकंद लागतात, तोपर्यंत आवाज कमी झाल्याचं बाहेर कळतच नाही. तार आत विझतेय, पण अॅम्पच्या छतापेक्षा ती अजून उंच आहे, म्हणून ऐकणाऱ्याला छतच ऐकू येतं. काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या व्हॉल्व्ह अॅम्पचा आवाज त्याच्या क्षमतेपलीकडे वाढवला की हेच होतं. फरक एवढाच की तिथे कापलेल्या कडा गोलसर असतात, म्हणून कानाला त्या मऊ लागतात.

झूम करून एकच लहर बघा. गोल टेकड्यांची सपाट पठारं झालेली दिसतील. सपाट माथा आणि उभ्या कडा म्हणजे नवे हार्मोनिक, मूळ स्वराच्या पटींतले वरचे स्वर, जे त्यात आधी नव्हते. लहर वर आणि खाली सारखीच कापली गेली असेल, तर ते विषम असतात: ३३० हर्ट्झ, ५५० हर्ट्झ, ७७० हर्ट्झ. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात ती याच्याच जवळची गोष्ट आहे. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून असा करतो की कंपणारी तार त्याला हलकेच लागत राहावी, आणि त्या लागण्यातून वरचे हार्मोनिक उघडतात. तंबोऱ्यात हे काम लाकूड किंवा हाड करतं, अॅम्पमध्ये वीज.

पायरी २: दोन स्वर एकत्र कापून पाहा

माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा या पायरीत आहे, म्हणून इथे घाई करू नका.

नव्या ट्रॅकवर पुन्हा ११० हर्ट्झचा टोन घ्या, या वेळी `Amplitude` `0.4`. त्याच्या खाली आणखी एक ट्रॅक घेऊन त्यावर `164.81` हर्ट्झचा टोन तेवढ्याच उंचीचा. पहिला सा धरला तर दुसरा प आहे. दोन्ही निवडून `Mix and Render` करा, मग मघाचंच क्लिपिंग लावा. ऐका. खाली एक जाड, भारदस्त स्वर आलेला जाणवेल, जो तुम्ही घातलेलाच नव्हता. `Analyze > Plot Spectrum` उघडा, `Size` मोठा ठेवा, आणि ५५ हर्ट्झच्या आसपास एक शिखर शोधा.

तो स्वर आला कुठून? दोन स्वर एकत्र कापले गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे स्वर तयार होतात. दुप्पट सा मधून प वजा केला: २२० वजा १६४.८१, म्हणजे ५५.१९ हर्ट्झ. ११० च्या बरोबर एक सप्तक खालचा ए ५५ हर्ट्झचा असतो. म्हणजे अॅम्पने स्वतःहून खालचा षड्ज जोडून दिला. दुप्पट प मधून सा वजा केला तर २१९.६२, म्हणजे वरच्या षड्जाला जवळजवळ चिकटलेला. बाकीचे मिश्र स्वरही याच मालिकेत, ५५ च्या पटींच्या आसपास बसतात. गिटार बारा समान भागांच्या पट्टीत लावलेली असते, त्यामुळे प शुद्ध १६५ पेक्षा किंचित उतरलेला आहे आणि आवाजात एक संथ हिंदकळा राहतो. तो कानाला त्रास देत नाही, उलट आवाज जिवंत ठेवतो.

आता प काढून तिथे `138.59` हर्ट्झ घाला. हा शुद्ध गंधार. क्लिपिंग लावण्याआधी हे दोन स्वर छान गोड लागतात. लावल्यावर मात्र आवाज खरखरीत आणि अस्थिर होतो. पुन्हा वजाबाकी करून पाहा. २२० वजा १३८.५९ म्हणजे ८१.४१. जवळचा खरा स्वर ई, तो ८२.४१ वर आहे, म्हणजे हा पूर्ण एक हर्ट्झने उतरलेला. दुसऱ्या बाजूला २७७.१८ वजा ११० म्हणजे १६७.१८. इथला ई १६४.८१, म्हणजे हा दोन हर्ट्झहून जास्त चढलेला. एकाच स्वराचा एक जुळा उतरलेला, एक चढलेला. बँडमधला बेस त्याच वेळी खरा ई वाजवत असेल, तर चिखल ठरलेलाच.

समान पट्टीतला गंधार षड्जाशी नेमक्या जुळणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा बराच चढा असतो, हे त्यामागचं कारण. स्वच्छ आवाजात कान ते चालवून घेतो. डिस्टॉर्शन चालवून घेत नाही, ते त्या चुकीचेही स्वर बनवून जोरात ऐकवतं.

यातून रॉकची भाषा घडली. पूर्ण कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये गढूळ होतो, सा-प मात्र फुलतो, म्हणून वादकांनी गंधार टाकून दिला आणि पॉवर कॉर्ड उरला. गंधारच नाही, म्हणजे कॉर्ड मेजर की मायनर हे गिटार सांगत नाही. ते गायक ठरवतो, आणि त्याच कॉर्डवर तो कोमल गंधारही गाऊ शकतो, शुद्धही. 'यू रिअली गॉट मी' मधले ते सरकणारे दोन ठोकळे स्वच्छ अॅम्पवर वाजवून बघा, सरावाच्या धड्यासारखे वाटतात. त्या चालीत अर्थ डिस्टॉर्शनमुळे आला आहे. म्हणून मी याला मसाला म्हणायला तयार नाही. गाण्याची रचनाच त्यावर उभी आहे.

पायरी ३: हेच गिटारवर

अॅम्प किंवा पेडलवर गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती ते ठरवणारं बटण, मध्यम ठेवा. सहाव्या तारेवर पाचवा पडदा दाबा, हा ए. पाचव्या तारेवर सातवा पडदा, हा ई. दोन्ही एकदम छेडा, बाकीच्या तारा बोटांच्या पोटाने झाका. खालचा षड्ज ऐकू येतो का पाहा. मग पाचव्या तारेवरचं बोट चौथ्या पडद्यावर आणा, हा सी शार्प, म्हणजे गंधार. आवाज लगेच थरथरायला लागेल.

आता गंधार तसाच धरून सहावी तार अगदी थोडी, जमिनीच्या दिशेने ओढा. सा किंचित चढतो, दोघांमधलं अंतर कमी होतं, आणि एका जागी थरथर मंदावून कॉर्ड एकदम बसतो. ती जागा ११०.८७ हर्ट्झच्या आसपास आहे, अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाएवढं ओढणं. एवढ्याशा फरकाने आवाज गढूळचा स्वच्छ होतो, हे एकदा हाताला कळलं की पुढे ट्यूनिंगकडे दुर्लक्ष होत नाही.

पायरी ४: गेन किती ठेवायचा

नवशिक्यांचा गेन जवळजवळ नेहमी जास्त असतो. जुनी रेकॉर्डिंग्ज नीट ऐका, त्यांत आपण समजतो त्यापेक्षा बरंच कमी डिस्टॉर्शन आहे. मोठेपणा बऱ्याचदा पॉवर कॉर्डच्या त्या खालच्या षड्जाचा आणि बेसचा असतो.

माझी पद्धत अशी: गेन शून्यावर आणा. सा-प कॉर्ड छेडा आणि मनात सावकाश चार मोजा. चारच्या आत आवाज ढासळत असेल तर गेन थोडा वाढवा आणि पुन्हा मोजा. ज्या जागी चारपर्यंत आवाज उभा राहतो तिथे थांबा. मग हळू आणि जोरात असं आलटूनपालटून छेडा. दोन्ही सारखेच ऐकू येत असतील, तर गेन जास्त झाला. तारा एकेक करून छेडल्या तरी त्या वेगळ्या कळत नसतील, तरी तेच निदान.

टिकण्याची किंमत आवाजातल्या कचऱ्याने चुकवावी लागते. तारेचा स्वर दहापट वाढला तर घरातल्या वायरिंगची घरघरही दहापट वाढते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती घरघर ५० आणि १०० हर्ट्झवर, नेमकी कॉर्डच्या पायात येते. तारेची कंपनं टिपणारा पिकअप सिंगल कॉइल असेल तर ट्यूबलाइट, चार्जर आणि डिमर यांच्यापासून लांब बसा आणि जागेवरच हळूहळू वळून पाहा. एखाद्या कोनात घरघर स्पष्ट कमी होते. हमबकर पिकअपमध्ये दोन कॉइल एकमेकींची घरघर खोडतात, जड डिस्टॉर्शन वाजवणारे ते पसंत करतात ते यासाठीही.

पायरी ५: छोट्यात मोडा, मोठ्यात वाढवा

डेव्ह डेव्हिसच्या जोडणीत एक तत्त्व आहे जे आजही तसंच लागू पडतं. फाटला तो छोटा अॅम्प, मोठा अॅम्प तो फाटका आवाज फक्त मोठा करत होता. पेडल आणि अॅम्प, किंवा अॅम्पवरचा गेन आणि मास्टर व्हॉल्यूम, ही त्याच जोडणीची रूपं. व्हॉल्व्ह अॅम्पला त्याच्या शेवटच्या टप्प्यात मोडायचं तर तो प्रचंड मोठ्याने लावावा लागतो. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर रेकॉर्डिंग करताना स्टुडिओत मार्शल तसाच लावला होता. फ्लॅटमध्ये ते शक्य नाही, म्हणून गेन वर आणि मास्टर खाली ठेवा.

टोनची बटणंही या क्रमाने विचारात घ्या. डिस्टॉर्शनच्या आधी बेस कमी केला तर खालचे स्वर कमी गुंततात आणि कॉर्ड सुटसुटीत होतो. भरदारपणा हवा असेल तर तो डिस्टॉर्शननंतर वाढवा. नेमकं उलट केलं, आधी भरपूर बेस आणि नंतर भरपूर ट्रेबल, तर एकाच वेळी घुमणारा आणि टोचणारा आवाज मिळतो. गिटारवरचा व्हॉल्यूम सातवर आणला तर जे कमी होतं ते मुख्यतः डिस्टॉर्शन असतं, आवाजाची पातळी फारशी उतरत नाही. कडव्याला सात आणि ध्रुवपदाला दहा, एवढ्यावर कित्येक गाणी निघतात.

शेवटी स्पीकर. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवतच नाही, आणि डिस्टॉर्शनचे टोचणारे वरचे हार्मोनिक तिथेच अडतात. पेडलमधून थेट हेडफोनला जोडलं की माशा घोंगावल्यासारखा आवाज येतो, तो यामुळे. पेडल बिघडलेलं नसतं. गिटार संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस वापरत असाल तर सॉफ्टवेअरमध्ये कॅबिनेटची नक्कल करणारा भाग चालू करा, घोंगावणं थांबेल.

इंटरफेसच्या इनपुटचा लाल दिवा मात्र कधीच लागू देऊ नका. तिथलं कापणं डिजिटल असतं. ओळखायची खूण अशी: वर, पंधराव्या पडद्याच्या पुढे एक स्वर बेंड करून हळूहळू चढवत न्या. अॅम्पच्या डिस्टॉर्शनमध्ये सगळे हार्मोनिक स्वराबरोबर वर चढतात. डिजिटल कापण्यात काही बारीक स्वर उलटे खाली उतरताना ऐकू येतात. ते ऐकू आले तर इनपुट कमी करा आणि पुन्हा रेकॉर्ड करा, नंतर ते पुसता येत नाहीत.

राहता राहिला स्पीकर चिरण्याचा मोह. एल्पिको छोटा, स्वस्त अॅम्प होता. तुमच्या अॅम्पच्या स्पीकरला ब्लेड लावलंत तर तो स्वच्छ आवाज कायमचा जाईल, आणि कोनाचा फाटा दिवसागणिक वाढत जातो, म्हणजे आज आवडलेला आवाज महिन्याने तसा राहणार नाही. व्हॉल्व्ह अॅम्पचं मागचं झाकण तर उघडूच नका, बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात. आणि असा अॅम्प स्पीकर न जोडता चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. फाटक्या कोनाचा तो आवाजच हवा असेल, तर फझ पेडल घ्या, गिटारचा टोन पूर्ण खाली आणा आणि गेन अर्ध्यावर ठेवून सहाव्या तारेवर वाजवा.